लिजिया समुद्राचा तळ

प्रोफेसर एर्मेते गिर्लांदांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला, तो आमचं कडाक्याचं भांडण झालं त्याच आठवड्यात. माझ्यामुळे सुटला असं मला काही दिवस वाटत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, वयामुळे. तरी वाटत होतं.

भांडण झालं ते एका समुद्रावरून. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र टायटन, त्याच्या उत्तर ध्रुवाजवळचा लिजिया नावाचा समुद्र. त्यात पाणी नाही. तिथं इतकी थंडी की पाण्याचा बर्फ म्हणजे खडक आणि आपल्या शेगडीत जळणारा मिथेन वायू म्हणजे पातळ, वाहतं द्रव. तोच तिथं वाफ होऊन वर जातो, त्याचे ढग होतात, पाऊस पडतो, बर्फाच्या खडकातून नद्या वाहतात आणि समुद्राला मिळतात. गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं पावसाचे थेंब आपल्या थेंबांहून मोठे, पण बर्फाच्या भुरभुरीसारखे सावकाश उतरणारे. रोममधल्या आमच्या विभागात आम्ही शनीभोवती फिरणाऱ्या एका यानाच्या रडारचं काम करायचो. गिर्लांदांनी त्याच्या घडणीत उमेदीची वर्षं घातली होती. मी, नीवेस, त्यांच्या हाताखालची सगळ्यात नवी संशोधक.

त्या मे महिन्यात यान लिजियावरून गेलं आणि जाताना सरळ खाली रेडिओलहरी सोडत गेलं. लहर पृष्ठावर आपटते, परत येते. परतायला किती वेळ लागला यावरून उंची कळते. बाकी काही मिळेल अशी कुणाला आशा नव्हती. ते द्रव लहरी पिऊन टाकेल, वरवरच्या थराखाली काही दिसणार नाही, असंच बहुतेक जण धरून चालले होते.

मला दिसलं. पृष्ठाच्या ठसठशीत प्रतिध्वनीमागून, अगदी थोड्या वेळानं, दुसरा एक आला होता. बारीक, अशक्त, पण होता.

"तळ!" मी बैठकीत म्हणाले. आवाज जरा चढलाच असेल.

गिर्लांदांनी चष्मा काढून पुसला. "भूत," ते म्हणाले.

"प्रोफेसर, हा बघा ना, इथं—"

"बघितलं. समुद्र आरशासारखा सपाट आहे, म्हणून पहिला प्रतिध्वनी इतका जोरात आला की रिसीव्हरचे कान बसले. घंटेवर घण मारल्यावर मागे गुणगुण राहते ना, ती ही. तिला तळ म्हणतात होय?"

शेजारी बसलेला सहकारी साविनो माझ्या कानाशी कुजबुजला, "बुडालीस, बाई."

मला राग आवरला नाही. "तुम्हाला काही सापडूच नये असं वाटतं का?" मी सगळ्यांसमोर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मला खोटं काही सापडू नये असं वाटतं," आणि उठून गेले. त्यानंतर तीन-चार दिवसांत त्यांना डोळ्यासमोर काळा पडदा सरकताना दिसू लागला आणि तातडीनं शस्त्रक्रिया झाली.

त्या काळात मी एकच काम केलं. पहिल्या प्रतिध्वनीची गुणगुण जितकी धुऊन काढता येईल तितकी काढली. धुणं झाल्यावरही दुसरा प्रतिध्वनी जागच्या जागी होता. पण गिर्लांदांनी विचारलं असतं तो प्रश्न मला स्वतःलाच छळत होता: धुण्यातूनही उरलेला डाग असला तर?

शेवटी एका दुपारी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या रोमच्या तेस्ताच्चो भागातल्या घरी गेले. त्यांची बहीण अस्सुंता त्यांच्याकडेच राहायची. तिनं दार उघडलं आणि माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"भांडणारी ती तूच का?"

"हो, सिन्योरा."

"ये. त्याच्याशी भांडायला कुणीतरी हवंच आहे. मी दमले."

गिर्लांदा पलंगावर पालथे पडलेले होते. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला होता. तो पडद्याला दाबून राहावा म्हणून तोंड खाली ठेवूनच पडायचं, अशी ताकीद होती. उशीच्या मधल्या पोकळीतून त्यांचा आवाज येत होता.

"कोण?"

"मी, नीवेस."

"भूत घेऊन आलीस?"

"घेऊनच आलेय. पण तुम्हाला दिसणार कसं?"

"दिसायचं काय त्यात? वाच. समुद्राच्या मधून सुरू कर आणि किनाऱ्याकडे ये. दुसरा प्रतिध्वनी पहिल्याच्या किती मागे आहे, तेवढंच सांग. मीटरमध्ये."

मी खुर्ची ओढून बसले. "दीडशेच्या वर."

"पुढे."

"दीडशे. एकशे पंचेचाळीस."

"पुढे चल."

"एकशे दहा."

स्वयंपाकघरात अस्सुंता शेंगा सोलत होती, त्याचा टकटक आवाज थांबला.

"नव्वद," मी म्हणाले. माझाच आवाज मला वेगळा वाटायला लागला होता. हे आकडे मी याआधी पाहिले होते, पण चित्रात, एकगठ्ठा. असे एकामागून एक तोंडातून काढले नव्हते. "साठ. चाळीस."

"मग?"

"मग दोन्ही इतके जवळ येतात की वेगळे ओळखू येत नाहीत."

"मग?"

"मग किनारा. जमिनीवर एकच."

ते म्हणाले, "गुणगुण अंतर बदलत नाही. घंटा तीच असेल तर गुणगुण दर वेळी तितक्याच अंतरावर येते. आणि आपल्या यंत्रात ती पहिल्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही बाजूंना उमटते. पहिल्याच्या आधी काही आहे?"

"काही नाही. स्वच्छ."

"दुसरा किनारा?"

मी गडबडले. दुसऱ्या किनाऱ्याकडचे प्रतिध्वनी मी अजून धुतले नव्हते. तसं सांगितलं.

"मग धू. इथंच. मी कुठं पळून जाणार आहे?"

लॅपटॉप घरघरत राहिला. अस्सुंतानं कोवळ्या शेंगांचे दाणे, पेकोरिनो चीज आणि पाव आणून ठेवला. भावाला तिनं पालथ्या अवस्थेत, पलंगाच्या काठावरून मान खाली सोडायला लावून, नळीनं सूप पाजलं. सूप पिता पिता ते सांगू लागले, "तरुणपणी मी आल्प्समध्ये रडारनं हिमनदीची जाडी मोजायला गेलो होतो. तळ सापडला म्हणून इतका ओरडलो की खालच्या खोऱ्यात ऐकू गेलं असेल. तो निघाला डोंगरावरच्या झोपडीचा पत्रा."

"तीन वर्षं सगळे त्याला 'पत्रा' म्हणत होते," अस्सुंता म्हणाली.

"दुधानं तोंड पोळलेला माणूस आहे मी, पोरी. ताक फुंकून पितो. तुझं ताक आहे म्हणून नव्हे."

मी दाणे खात राहिले.

मग लॅपटॉपच्या पडद्यावर दुसरा किनारा उमटला आणि मी वाचू लागले. इथंही अंतर मिटत गेलं, पण तसंच नाही. बराच वेळ ते जवळपास स्थिर राहिलं आणि शेवटी भराभर कमी झालं.

"प्रोफेसर, हे सारखं नाही. त्या बाजूला सावकाश मिटत होतं. इथं एकदम. काहीतरी चुकलं का?"

उशीतून हसू आलं. पालथ्या माणसाचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं; सगळा पलंग हलला.

"चुकलं? अगं, तिकडे उतार संथ आहे आणि इकडे खडा आहे! यंत्राचं भूत दोन किनारे दोन तऱ्हांचे कशाला काढत बसेल? ते समुद्रानंच काढलेत." मग आवाज एकदम खाली आला. "तळ आहे, नीवेस. दुसऱ्या जगातल्या समुद्राचा तळ आहे तो."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ थरथरत होती.

"रडू नकोस!" अस्सुंता ओरडली. "डोळ्याचं वाटोळं करशील!"

"डॉक्टरांनी खालीच बघायला सांगितलंय ना? आसवंही खालीच पडताहेत."

थोडं सावरल्यावर त्यांनी मला आणखी कामाला लावलं. खोल जाऊन आलेला प्रतिध्वनी उथळ जागेवरच्यापेक्षा किती क्षीण झालाय ते विचारलं. मी हिशेब करून सांगितलं: फारच थोडा. इतक्या द्रवातून जाऊन-येऊनही लहर जवळजवळ शाबूत होती.

"म्हणजे द्रव नितळ आहे," ते म्हणाले. "इथेन जास्त असतं, वरून पडणारी काजळी विरघळलेली असती, तर लहर वाटेतच संपली असती. हे बहुतांश मिथेन आहे, थोडा नायट्रोजन मिसळलेला. समजतंय का याचा अर्थ?"

समजत होतं. तिथल्या हवेत ऊन मिथेनला मोडतं आणि त्यातून इथेन तयार होतं. इथेन सहजासहजी उडून जात नाही. तळ्यात गाळासारखं साचत राहतं. मिथेन मात्र उडतो आणि पुन्हा पडतो. लिजिया जवळजवळ निव्वळ मिथेनचा, म्हणजे त्यात येणारं सगळं अलीकडचं.

"पावसाचं," मी म्हणाले.

"पावसाचं," त्यांनी मान खाली ठेवूनच दुजोरा दिला. "अब्जाहून जास्त किलोमीटर लांब कुणाच्या ध्यानीमनी नसताना पाऊस पडतो, नद्या भरतात, आणि आपल्याला त्यात तळ दिसतो. ते द्रव जरा गढूळ असतं तर आपण जन्मभर वरवरच्या आरशाकडे बघत बसलो असतो. नशीब म्हणायचं."

त्या उन्हाळ्यात आम्ही लेख लिहिला. मी वाचून दाखवायचे आणि गिर्लांदा प्रत्येक वाक्यावर शंका काढायचे. मी प्रत्येक शंकेचं उत्तर शोधलं, आणि दोनदा असं झालं की उत्तर शोधताना माझीच चूक सापडली. परीक्षकांनी पुढे विचारलेल्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे तयार होती, कारण ते प्रश्न तेस्ताच्चोतल्या त्या उशीतून आधीच येऊन गेले होते. साविनो म्हणाला, "तुझा परीक्षक पालथा पडून होता, म्हणून वाचलीस."

लेखावर माझं नाव पहिलं घालायचं त्यांनी ठरवलं. मी नको म्हटलं तर म्हणाले, "मग मी पुन्हा भूत म्हणेन."

त्यांच्या डोळ्याची नजर निम्मीच परत आली. शरद ऋतूत एका सकाळी ते विभागात आले, माझ्या टेबलाजवळ उभे राहिले आणि छापलेला आलेख खिडकीपाशी नेऊन चांगल्या डोळ्यासमोर धरला. वरची ठळक रेघ, सपाट. तिच्याखाली दुसरी, बारीक, एका बाजूनं हळूहळू खोल उतरणारी, दुसऱ्या बाजूनं झटकन वर चढणारी. आकड्यांत त्यांनी ती कितीदा तरी ऐकली होती. दोन्ही किनाऱ्यांसह अख्खी पाहत होते पहिल्यांदा.

"अशी आहे होय," ते म्हणाले.

मला त्यांचे आभार मानायचे होते. माझं डोकं ताळ्यावर ठेवल्याबद्दल, मला खोटं बोलू न दिल्याबद्दल. इटालियनमध्ये आभाराला शब्दांचा तोटा नाही, पण त्या वेळी मला एकही जमला नाही. मी नुसतं "प्रोफेसर" म्हणाले.

"हं," ते कागदावरची नजर न काढता म्हणाले, "मलाही तेच म्हणायचंय." आणि हातानं शेजारची खुर्ची चाचपून, आलेख तसाच धरून, माझ्याजवळ बसले.