शेफील्डच्या वॉकरबाईंना पत्र

उमाकांत इंग्लंडमधल्या शेफील्डहून परतला त्याला अडीच महिने झाले होते. तिथल्या पोलाद कारखान्यात सहा महिने प्रशिक्षण घेताना तो वॉकर कुटुंबाच्या घरी राहिला होता, पण आभाराची एक ओळही त्यांना गेली नव्हती. त्याची बायको हेमलता रोज आठवण करून देऊन थकली. अखेर जूनमधल्या एका रविवारी, बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या घरात, तिने त्याच्यापुढे परदेशी पाठवायचं घडीचं पत्र, एरोग्राम, ठेवला.

"आधी साध्या कागदावर लिहा. एरोग्रामात जागा थोडी असते."

दहा मिनिटांत त्याचं इंग्रजीत लिहून झालं. त्याने तिला मराठीत अर्थ सांगितला, "आपण केलेल्या निवास व भोजनाच्या उत्तम व्यवस्थेबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे."

"अहो, हे टेंडरला उत्तर आहे का? त्यांनी काय केलं ते लिहा."

"सगळंच केलं गं."

"सगळंच म्हणजे काय?"

एकेक गोष्ट तिला ओढून काढावी लागली. घरात सगळं चरबीत तळलं जाई, म्हणून वॉकरबाईंनी त्याच्यासाठी वेगळा तवा आणला आणि त्यात लोण्यावर बटाटे परतले. पहिला आठवडाभर वॉकरसाहेब स्वतःच्या कामाला उशीर करून त्याला बसपर्यंत सोडत.

"हेच लिहा. आणि उशीर झाल्याची माफी सगळ्यात आधी."

"हो. आणि डॉक्टरलाही त्यांनीच..." तो थांबला.

"कुठला डॉक्टर?"

"फेब्रुवारीत जरा न्यूमोनिया झाला होता. दहा दिवस."

 फेब्रुवारीत हेमलताला त्याची दोन पत्रं आली होती. दोन्हींत 'प्रकृती उत्तम' असं होतं.

"वॉकरबाई तुला कळवणार होत्या. मीच नको म्हटलं. उगाच काळजी केली असतीस."

"काळजी करायला मी नाही तर कोण होतं? लिहा! दहा दिवस त्यांनी काय काय केलं, ते सगळं लिहा."

त्याने लिहिलं: दर चार तासांनी औषध, पायाशी गरम पाण्याची पिशवी, मिठाची पेज कशी करायची ते त्याला विचारून केलेली पेज.

"आता माझं. 'मी इथे होते, मला काही कळलं नाही. माझ्या जागी तुम्ही होतात.'"

"माझी पत्नीही नमस्कार कळवते, असं..."

"नमस्कार नाही! मी म्हणते तेच!"

त्याने तेच लिहिलं. मग सगळं बारीक अक्षरात एरोग्रामवर उतरवलं. घडीजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात तिने मराठीत सही केली, आणि खाली त्याने तिचं नाव इंग्रजीत लिहिलं. तिला आत हळदीकुंकवाची पुडी घालायची होती, पण एरोग्रामात काही घालता येत नाही, असं त्याने सांगितलं. त्यावरही ती चिडली. पत्र मात्र तिने स्वतःच पोस्टात टाकलं.

महिन्याभराने उत्तर आलं, तिच्याच नावाने. उमाकांतने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थबकला.

"पुढे काय?"

"विशेष काही नाही."

तिने पत्र त्याच्या हातातून घेतलं आणि शेजारच्या कौशल्या अक्कांकडे गेली. अक्का शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी वाचून सांगितलं: तापात तो सारखा 'हेमा, हेमा' म्हणत होता. वॉकरबाईंना वाटलं, त्याला काहीतरी हवंय. घरातली एकेक वस्तू त्या त्याला दाखवत राहिल्या. ती हाक बायकोची होती, हे त्यांना सहीखालचं नाव वाचून आत्ता कळलं.

हेमलताने अक्कांना ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.