गहाळ नव्हे, चोरी

बायकोच्या बांगड्या कपाटातून गेल्या, आणि ठाण्यातला अंमलदार म्हणे, "काका, गहाळ म्हणून लिहून देतो. दाखला लगेच मिळेल."

गहाळ! चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, कधी कुणाचं बटणही हरवलं नाही. बायको गेल्यापासून त्या बांगड्या मी रोज रात्री डब्यातून काढून बघतो, पुन्हा ठेवतो. आणि त्या मी हरवणार?

मुलाचंही तेच पालुपद. "बाबा, कुठेतरी ठेवून विसरलात. आता एकटे राहू नका." म्हणजे वृद्धाश्रम. त्याने तिथे चौकशीही करून ठेवली होती. कागदावर एकदा 'गहाळ' लागलं की माझं बिऱ्हाड उठलंच म्हणून समजा.

मी अंमलदाराला चार शब्द सुनावले आणि थेट पोलीस अधीक्षकांचं कार्यालय गाठलं. अर्ज पोस्टानेही चालला असता, पण मला तोंडाने सांगायचं होतं. खरं म्हणजे कुणाशी तरी बोलायचं होतं. घरात दिवसचे दिवस माझाच आवाज माझ्या कानावर पडत नाही.

अधीक्षकबाईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. दाराचं कुलूप शाबूत, कपाटही किल्लीनेच उघडलेलं, डबा जागेवर आणि रिकामा. सगळं मीच काटेकोर लिहिलं होतं.

"चोरीची तक्रार आहे, गुन्हा नोंदवायलाच हवा," त्या म्हणाल्या. त्यांनी ठाण्यात फोन लावला. "आजच नोंदवा. आणि आधी का टाळलंत, त्याचा खुलासा पाठवा."

मी ताठ मानेने ठाण्यात शिरलो. अंमलदाराने खुर्ची पुढे केली आणि टायपिंग सुरू केलं.

"घराच्या किल्ल्या किती?"

"दोन जोड. कपाटाची किल्लीही त्यातच."

"दुसरा जोड कुणाकडे?"

हाच प्रश्न त्याने पहिल्या दिवशीही विचारला होता. मी तावातावाने उत्तर दिलं होतं आणि पुढचं बोलत सुटलो होतो. त्यानंतरच त्याने पेन खाली ठेवलं होतं. आत्ता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काका," तो हळूच म्हणाला, "तेव्हा टाळलं ही माझी चूकच झाली. पण तुमचा कुणावर संशय नसेल तर तसं लिहितो. किल्ल्यांचं मात्र जे खरं आहे तेच सांगा."

खोटं बोलणं सोपं होतं. विसरलो म्हटलं असतं तरी सगळ्यांनी मान डोलावली असती.

"माझ्या मुलाकडे," मी म्हणालो. "लिहा. मला सगळं नीट आठवतंय."

त्याने जबाब वाचून दाखवला. मी सही केली. फुकट मिळणारी प्रत घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर पायरीवर येऊन उभा राहिलो. आपण जिंकलो, हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. फोन काढला.

मला तोंडपाठ असलेला नंबर एकच होता.