डोशाच्या तव्यावरची मश्रूम

सुबरावअण्णांचा फोन आला तेव्हा मी बेळगुंदीच्या शेडमध्ये मश्रूम तोडत होते.

"आक्का, तुमच्या मश्रूमात पाणी मारलेलं असतंय. वजन वाढिवताय न्हवं? उद्यापासनं पाठवू नका."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सांबरा रोडवरचं त्यांचं हॉटेल हे माझं एकुलतं एक रोजचं गिऱ्हाईक. ते सुटलं की शेडला कुलूप. हातातली ताज्या मश्रूमची पिशवी घेऊन मी तशीच निघाले.

आचारी शामूने माझ्यासमोरच करून दाखवलं. कढई नुकतीच गॅसवर चढवलेली, तिच्यात दोन किलो मश्रूम एकदम ओतली, वर मूठभर मीठ, आणि ढवळणं सुरू. दहा मिनिटांत करड्या पाण्यात लिबलिबीत तुकडे पोहू लागले.

"बघा," अण्णा म्हणाले.

"अवो, मश्रूमात पाणी असतंयच! कढई थंड, त्यात हा एवढा ढीग. सुटलेलं पाणी उडून जाणार कवा? मग त्यातच शिजतंय. वर मीठ आधीच टाकलासा."

"म्हंजे पाणी हाय, हे तुमीच कबूल केलासा."

या माणसाला काय सांगायचं? नाश्त्याची वेळ संपली होती, डोशाचा तवा मोकळा होता. मी तो तापवायला सांगितला. तवा चांगला तापला आणि शामूने सवयीने त्यावर तांब्याभर पाणी मारलं.

"डोसा न्हाय घालायचा रं!" मी ओरडले.

तवा पुसून पुन्हा कडक तापवला. तेल सोडलं. पाव किलो तुकडे बोटबोट अंतर ठेवून पसरले. चर्र आवाज झाला. लगेच शामूचा उलथनं धरलेला हात पुढे आला. मी तो धरला. तीन मिनिटांत तीनदा धरला. हात आवरता येत नसेल तर माणसाने आचारी व्हावं कशाला!

मग एकेक तुकडा उलटला. खालून खमंग तपकिरी, तव्यावर पाण्याचा थेंब नाही. दुसरी बाजू तशीच भाजली, शेवटी मीठ भुरभुरलं आणि ताटली अण्णांपुढे ठेवली.

ते ताटलीकडे बघतच राहिले. "पाव किलो टाकलासा आणि एवढंच उरलं? म्हंजे बाकी समदं पाणीच हुतं की!"

मी कपाळावर हात मारला. माझ्याच हाताने मी माझ्याविरुद्ध पुरावा भाजून दिला होता. आता रडू येईल असं वाटलं.

अण्णांनी एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. मग ताटलीच रिकामी केली. शामूला एकही मिळाला नाही.

"उद्या..." ते बोटं चाटत म्हणाले. मी श्वास रोखला.

"उद्यापासनं दोन किलो जास्त आणा. आटतंय लई. आणि आक्का, पाणी तेवढं मारू नका."