सत्तावीस वर्षांची घडी

राहीबाईला लिहिता येत नव्हतं आणि त्याची तिला लाजही नव्हती. लाज वाटायची ती कुणाला ‘या’ म्हणायची. घोडेगावजवळच्या त्या वाडीत ती एकटी राहायची, पण दारात आलेल्यालाही ‘बसा’ म्हणणं तिच्या जिवावर यायचं. अशी ही बाई त्या दिवशी सकाळी स्वतः मिशनच्या शाळेत जाऊन कृपादान मास्तरांना ओट्यावर घेऊन आली, कारण सोलापूरहून नातीचं पत्र आलं होतं.

नात म्हणजे छबू, एकुलत्या एका लेकाची मुलगी. लेक गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. नातीला पाहून सहा वर्षं लोटली होती, आणि आता वैशाखात तिचं लग्न होतं. तिनं लिहिलं होतं, ‘आजी, तुझ्या लग्नातली पैठणी नेसावी असं मनात आहे. ती कशी आहे ते सविस्तर कळव. न्यायला मी स्वतः येईन.’ शेवटचं वाक्य म्हातारीनं मास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं.

“लिवा मास्तर. रंग जांभळा, पर नुस्ता जांभळा न्हाई. उभा ताना लाल आन आडवा बाना निळा. उनात धरली की लाली मारती, सावलीत निळी दिसती. काठ नारळी, सगळा जरीचा. जर म्हंजी चांदीची तार, वर सोन्याचं पानी. सासऱ्यांनी पैठनच्या विनकराला सांगून करून घेतली हुती. बाना न्यायला दोन काठांना दोन धोटे आन मधल्या अंगाला तिसरा. काठ अंगाला भेटतो तितं धागा धाग्यात अडकवलेला, शिवन न्हाई.”

“आणि पदर?”

“पदराची जमीन जरीची. तिच्यात रेशमाची असावली, म्हंजी फुलांची वेल. येकेका रंगाच्या धाग्याची कांडी निराळी, समदं हातानं भरलेलं. म्हनून उलटी केली तरी सुलटीवानीच दिसती, मागं धागा लोंबत न्हाई. वेलीखाली मुनियांची रांग. हिरवे राघू, चोची लाल. त्यातल्या येकीची चोच विनकर लाल करायला इसरला. आमच्या मालकांनी ती मला दावली आन म्हनले, ही मुकी, तुझ्यासारखी.”

मास्तर हसले. “कितवी ती मुकी?”

राहीबाई अडली. तिसरी की पाचवी? पत्रात चुकीचं जायला नको, म्हणून ती उठली आणि पेटीच्या तळातलं मलमलीचं गाठोडं उचलून ओट्यावर घेऊन आली.

पैठणीची घडी दर काही महिन्यांनी बदलायची असते, नाहीतर जर एकाच जागी मोडते आणि रेशीम कापते. सासूनं हे तिला पहिल्याच दसऱ्याला शिकवलं होतं, आणि नवरा होता तोवर तिनं ते चुकवलं नाही. तो तापाच्या साथीत गेला. विधवेनं असल्या वस्त्राला हात लावू नये अशी रीत, म्हणून तिनं गाठ मारली ती मारलीच. शेजारच्या सवाष्ण आक्काबाईला हाक मारली असती तर तिनं हसत घडी बदलून दिली असती. पण हाक मारायची कुणी? सत्तावीस वर्षं पैठणी एकाच घडीत पडून राहिली.

आज नातीसाठी रीत बाजूला ठेवून तिनं गाठ सोडली, पदर उचलला, आणि तो घडीघडीवर चिरत हातात आला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. अंगाचं कापडही तसंच फाटत गेलं. मुकी मुनिया चौथी होती. घडी नेमकी तिच्या गळ्यावरून गेली होती.

राहीबाईनं त्या पट्ट्या मांडीवर गोळा केल्या. पैठणीचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती होती. पोरगी येणार होती ती पैठणीसाठी. पैठणी नाही तर म्हातारीकडे आहे काय?

“लिवा,” ती शेवटी म्हणाली. “मुकी चौथी. पैठनी चांगली हाय. न्यायला लवकर ये.”

मास्तरांनी तिच्या मांडीकडे पाहिलं, पण सांगितलं तसंच लिहिलं. मग नेहमीच्या पद्धतीनं सगळं पत्र वाचून दाखवलं. स्वतःच्याच तोंडची पैठणी ऐकताना राहीबाईला छबू दिसायला लागली. सहा वर्षांनी दारात आलेली, हरखलेली, गाठ सोडणारी. ते तोंड आपल्याला बघवेल का?

“मास्तर, शेवटचं तेवढं खोडा.”

“मग काय लिहू?”

तिला ते उच्चारायला फार कष्ट पडले. काही कारण न देता नुसतं ‘ये’ असं तिनं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.

“लिवा, पैठनी घडीवर चिरली. माझ्याच हातनं ऱ्हायलं. आता द्यायला काय न्हाई. तरी ये.”

मास्तरांचा टाक थांबला. “एवढंच?”

“व्हय. पर ते ‘तरी ये’ जरा मोठ्या अक्षरात काढा.”