अहिल्येने दिलेली माहिती

पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबच्या मातीत आमच्या पूर्वजाची तलवार पुरली आहे, ही माझी थाप दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वीस वर्षं चालली. तलवारीने कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते गुडगावात. गेल्या साली छातीत कळ आली म्हणून मला इस्पितळात दाखल केलं. माहिती लिहून घेणारी डॉक्टरीण कंटाळलेली. म्हणाली, "वडील कशाने गेले?" मला राहवलं नाही. "हार्ट अटॅक. अडतिसाव्या वर्षी, उभ्या उभ्या!" तिने लिहूनही टाकलं. वडील खरे गेले शहात्तराव्या वर्षी, विहिरीवर पाय घसरून. अनुरागच्या जन्माआधीच.

आता अनुराग, माझा मुलगा, सदतीस वर्षांचा. ऑफिसात छातीत जळजळलं, तर तो माझा डिस्चार्ज कागद घेऊन डॉक्टरकडे गेला. वडिलांना छातीचा आजार, त्यात आजोबा अडतिसाव्या वर्षी गेलेले. डॉक्टरांनी सोमवारी अँजिओग्राफी ठरवली. पोरगा घरात हळू चालायला लागला. मुलीला उचलून घेईना.

मी कबूल केलं. तो हसला. "बाबा, मला धीर द्यायला थापा मारू नका हं."

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी नोएडात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा माहिती देताना माझी बायको अहिल्या शेजारी बसली होती. तिच्यादेखत थाप चालायची नाही. आता ती नाही. पण तेव्हा लिहून घेतलेला कागद असेल.

बुधवारी नोएडाच्या इस्पितळात रेकॉर्डच्या खिडकीशी अर्ज दिला: नाव, दाखल झाल्याची तारीख, ओळखपत्राची प्रत. कारण लिहिलं, 'वैयक्तिक'.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "अंकल, देना तो हमें है ही, बहत्तर घंटे में. पर पूरी फाइल चाहिए या एक कागज़? किसलिए, साफ़ लिखिए."

मग लिहिलं, "दाखल होतानाची माहिती व कौटुंबिक इतिहासाच्या पानाची प्रत हवी. दुसऱ्या इस्पितळात मी वडिलांविषयी खोटं सांगितलं. त्यावरून माझ्या मुलाची तपासणी ठरली आहे. त्याच्या डॉक्टरांना खरं दाखवायचं आहे." बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला.

शनिवारी प्रत मिळाली. अनुरागने ती उभ्यानेच वाचली. रुग्ण म्हणतो, वडिलांना वाघाने मारलं. खाली: पत्नीने दुरुस्त केलं, विहिरीवर पडून, वय शहात्तर, हृदयविकार नव्हता. माहिती देणार: पत्नी.

"वाघ, बाबा?"

"तोंडातून निघून गेलं रे."

डॉक्टरांनी कागद पाहून सोमवारची तारीख रद्द केली. आधी साधी, पट्ट्यावर चालण्याची तपासणी, मग पुढचं. गुडगावच्या फाइलीतलं खोडता येत नाही, पण दुरुस्तीचा अर्ज जोडता येतो. तोही मी दिला.

त्या संध्याकाळी अनुरागने मुलीला खांद्यावर घेतलं. ती प्रत मात्र मला परत दिली नाही. आईच्या फोटोमागे ठेवली.

"आईने सांगितलं म्हणून पटलं," म्हणाला.

मी मान हलवली. खरं तेच होतं.