इस्त्रीच्या आधी

रांजणगावच्या कंपनीतली साप्ताहिक सुट्टी नीलम कारेगावच्या खोलीत लोळून काढायची. आज मात्र ती लेकीला घेऊन सकाळीच खुटबावला सासरी आली होती. धाकटी नणंद हर्षदा दौंडला शिवणकामाचं दुकान उघडत होती आणि संध्याकाळी नारळ फोडायचा होता. राजनंदिनीनं आत्यानं शिवलेला पांढरा सुती फ्रॉक घालून दुकानाच्या दारात मिरवायचं, असं ठरलेलं. गळ्याला नाजूक चुण्या, कमरेला पट्टा. हर्षदाची कला गिऱ्हाइकाला दाखवायला तेवढा एकच कपडा तयार होता.

मापाला बसतोय का बघू, म्हणून नीलमनं फ्रॉक लेकीच्या अंगात घातला आणि निवांत चहा घ्यायला बसली. कपात चहा असताना पोरीला मोकळं सोडायचं म्हणजे हौसच म्हणायची! मागच्या आंब्याखाली आबा, म्हणजे सासरे पोपटराव, काठीला जाळी बांधलेल्या झेल्यानं आंबे उतरवत होते. नातीनं फ्रॉकचा ओचा केला, देठ मोडलेले आंबे त्यात भरले, आणि एक पाडाचा आंबा मिळाला तो तिथंच चोखूनही टाकला.

ती आत आली तेव्हा छातीवर रसाचे पिवळे ओघळ होते, ओच्यावर चिकाचे ठिपके होते आणि चेहऱ्यावर विजय होता.

"अगं माझे आई!" नीलमनं कपाळाला हात लावला. "काढ, काढ आधी. बादलीत बुडवते."

"बादली न्हाई!" सासूबाई, सरूबाई, चुलीपासून ओरडल्या. "चिकाला पानी लागलं तर त्यो बसतोय घट्ट. कोरडंच तेल चोळायचं. आन् आदी पोरीचं पोट पूस, चीक भाजतोय."

"आन् रस? त्यो तेलानं जाईल का? त्याला गार पाणीच पायजे, आई."

दोघी फ्रॉकची एकेक बाही धरून उभ्या राहिल्या. शेवटी आबाच दारातून म्हणाले, "मंग आदी चीक, मंग रस. भांडताय कशाला?" दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते परत आंब्याखाली गेले.

पण झालं तसंच. सरूबाईंनी चीक फडक्यानं टिपला, खोबरेल चोळून सुटू दिला, मग भांड्याच्या साबणानं तेलासकट काढला. नीलमनं फ्रॉक उलटा करून डागाच्या मागून गार पाण्याची धार सोडली, लिंबू पिळलं, खळबळून उन्हात टाकला. चीक पार गेला. रसाचा मात्र एक फिकट पिवळा ढग छातीवर राहिला. नीलमला तो दिसत होता आणि दुसऱ्या कुणाला दिसू नये, असं तिला मनापासून वाटत होतं. हर्षदाला सांगायचं तिला धाडस होईना.

दुपारी हर्षदा स्कूटीवर आली ती घाईतच. "वहिनी, फ्रॉक द्या, इस्त्री फिरवते!" शिंप्याचा हात तो, सुरकुती दिसली की इस्त्रीकडे जाणारच. तिनं इस्त्री तापवली, फ्रॉक पसरला.

नीलमला माहीत होतं: गरम इस्त्री त्या ढगावरून गेली की डाग कायमचा. गप्प बसलं तर आज कदाचित निभावेल, पण फ्रॉक जन्माचा जाईल.

"थांब!" तिनं नणंदेचं मनगटच धरलं. "डाग हाय. आंब्याचा. मीच घातला व्हता तिला सकाळी."

हर्षदानं फ्रॉक उजेडात धरला. डोळे भरून आले तिचे. "मला सांगायचं तरी, वहिनी!"

"सांगितलं की आता," नीलम ओशाळून म्हणाली. "इस्त्रीच्या आधी सांगितलं."

हर्षदाला रडता रडता हसू फुटलं. पुन्हा गार पाणी, पुन्हा लिंबू, पुन्हा ऊन. या वेळी तिघी मिळून उन्हात डाग जाताना पाहत बसल्या. तो गेला, पण निघायची वेळ झाली आणि फ्रॉक ओलाच. मग धुऊन पिळलेला फ्रॉक नीलमनं स्कूटीवर मागं बसून दोन्ही हातांनी वाऱ्यावर धरला. मध्ये चड्डी-बनियनवर राजनंदिनी रस्त्यावरच्या सगळ्यांना हात हलवत दौंडपर्यंत आली. दुकानात हर्षदानं फ्रॉक दिव्याखाली उलटसुलट पाहिला आणि मगच इस्त्री लावली.

नारळ फुटला. शेजारच्या शेवंताबाई नातवाला आणि त्याच्या शर्टाचं कापड घेऊन आल्या आणि दारातल्या पोरीकडं बघून म्हणाल्या, "दिसतोय झकास. पर आंब्याच्या दिसांत पांढरं? कवर टिकनार?"

नीलमनं मान खाली घातली. हर्षदानं तिच्याकडं पाहिलं, आणि पोरीला पुढं ओढलं.

"मावशी, ह्याच फ्रॉकात हिनं सकाळी आंबे येचल्यात. शोधा डाग!"

शेवंताबाईंनी चष्मा लावून गळ्यापासून घेरापर्यंत शोधला. मग हातातलं कापड टेबलावर ठेवलं.

"घे माप," त्या म्हणाल्या. "आन् डाग कसा काढायचा ते कोन सांगनार?"

"आमच्या वहिनी," हर्षदा म्हणाली, आणि स्वतःच्या शेजारची खुर्ची नीलमकडं सरकवली.