घरातलं लोखंड

आमच्या ह्यांना स्वतःच्या आजाराचा फार अभिमान. शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषून घेतं आणि ते लिव्हरमध्ये, सांध्यांत, हृदयात साठत जातं, असा तो आजार. आईबापांकडून आलेला. उपाय साधा. दर आठवड्याला एक पिशवी रक्त काढायचं, लोह खाली आलं की वर्षातून चार-पाच वेळा. आजार कळेपर्यंत ह्यांचं लिव्हर घट्ट झालेलं होतं, पण हे पाहुण्यांना सांगत, "लोखंडी माणूस आहे मी!" आणि पाहुणे हसत.

म्हणून लेकीच्या रक्तात लिव्हरचे आकडे वाढलेले दिसले तेव्हा ह्यांनी रिपोर्ट हातात घेतला, साठलेल्या लोहाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि निकाल दिला, "माझंच आलंय तिला." आकडा थोडासाच वर होता. पण आमचे फॅमिली डॉक्टर ह्यांचे पत्त्यांच्या डावातले भिडू, त्यांनीही मान डोलावली. लेक एकोणीस वर्षांची. तिचं तीन पिशव्या रक्त काढलं.

घरातला लोखंडी तवा, कढई सगळं हद्दपार झालं. ह्यांनी तांब्याची भांडी आणली. पाण्याचा हंडा, पेले, आतून कल्हई नसलेलं पातेलं. "तांबं शुद्ध असतं," म्हणाले. मी रोज ती घासून लखलखीत करत होते.

लेक म्हणायची, "बाबा, तुमचा हात कुठे थरथरतो? माझा थरथरतोय. लिहिताना अक्षर बारीक होत जातंय." हे म्हणायचे, "अशक्तपणा आहे. रक्त काढल्यावर होतं." पुढे तिची जीभ जड झाली, शब्द अडखळायला लागले. तेव्हा ह्यांनी तिची वाक्यं पूर्ण करायला सुरुवात केली.

पाय सुजले, तेव्हा कुठे आम्ही मोठ्या दवाखान्यात लिव्हरच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाईंनी जुना रिपोर्ट बघितला आणि कपाळाला आठी घातली. "रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन तर नेहमीइतकंच भरलंय. ह्या आजारात ते काठोकाठ भरलेलं असतं. सुजलेल्या लिव्हरमुळेही साठ्याचा आकडा वाढतो. रक्त कुणी काढायला सांगितलं?"

आमच्या ह्यांनी पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवलं.

मग डोळ्यांची तपासणी. यंत्रातून बुबुळाच्या कडेला हिरवट तपकिरी कडं दिसलं. दिवसभराची लघवी साठवून तपासली, तिच्यात तांबं भरमसाट. आज सगळे रिपोर्ट टेबलावर होते.

"हिला लोहाचा आजार नाही, तांब्याचा आहे," बाई म्हणाल्या. "लिव्हरला जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते आधी लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत, डोळ्यांत. रक्त काढून ते जात नाही, नुसती ती फिकी पडली. ह्यात दोष दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर कळतही नाही."

"आणि घरातली तांब्याची भांडी?" मी विचारलं.

"भांड्यांनी आजार दिला नाही. पण भर घातली. आजच बंद करा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जी भांडी मी चिंचेने घासली, ती ह्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. बाई पुढे सांगत होत्या. तांबं बांधून लघवीवाटे काढणाऱ्या गोळ्या, जन्मभर. सुरुवातीला थरथर वाढूही शकते. लिव्हरने साथ दिली नाही तर बदलावं लागेल.

"माझं घ्या!" हे ताडकन उठले. "बाप आहे मी तिचा. आत्ता सही करतो."

"तुमचं लिव्हर लोहाने कडक झालंय. ते चालणार नाही. आईचं तपासू, कदाचित जमेल."

"मग हिचं तपासा! आणि गोळ्या आजच सुरू करा, लेक तयार आहे."

"तिलाच विचारते," बाई म्हणाल्या आणि खुर्ची लेकीकडे वळवली. "तुला काय वाटतं?"

लेकीने तोंड उघडलं. शब्द अडकला. हे म्हणाले, "तिला म्हणायचंय की..."

"गप्प बसा!" मी ओरडले. बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली. "तिला बोलू द्या! सहा महिने ती सांगतेय, तुमच्यापेक्षा वेगळं काहीतरी होतंय तिला, आणि तुम्ही आपलं लोखंड कवटाळून बसलात!"

लेक एकेक शब्द जुळवत राहिली. बाई थांबल्या.

"गोळ्या... घेईन. मला जगायचंय." मग ती ह्यांच्याकडे वळली. "बाबा, तुम्ही... बाहेर बसा."

हे वळले. दारापाशी जरा घुटमळले आणि गेले. मी खुर्ची पुढे ओढून तिचा हात धरला.

तिने हात सोडवून घेतला.

"आई," ती म्हणाली, "तूही."